बंड्याची तीन गाणी

दादा,

बंड्याला जाऊन दोन आठवडे झाले आणि परवा फोनवर तू म्हणालास की रेडिओ लावावा तर नेमके विरहाचेच गाणे लागते, म्हणून ही तीन गाणी तुझ्यासाठी लिहून पाठवत आहे. ती रडवण्यासाठी लिहिलेली नाहीत. प्रत्येक ओळ आठ-आठ मात्रांत बसवली आहे, त्यामुळे साध्या केरव्यावर, मांडीवर बोटे वाजवत, ती सहज म्हणता येतील. चाल याहून अवघड ठेवली नाही, कारण आपल्या घरात तुझ्यापेक्षा बंड्याच अधिक सुरात होता, हे तुलाही मान्य आहे.

पहिले गाणे संध्याकाळी घरी परतताना गुणगुणण्याचे आहे. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचाच आवाज ऐकू येतो आणि कुत्र्याला त्याच्या दुपटीहून वरचाही, तेव्हा तुझ्या खिशातल्या किल्ल्यांचा जो आवाज बंड्या ऐकत असे, तो आपल्यापैकी कोणीही कधी पुरता ऐकलेला नाही.

जिन्यावरी मी पाय ठेवता
कान तुझे रे होती जागे,
किल्ली अजुनी खिशात असता
शेपुट दारी वाजू लागे.

आता किल्ली फिरते तेव्हा
दार मुकाट्याने हे उघडे,
उंबरठ्याशी वाकुन बघतो,
केस तुझा मज एक सापडे.

झाडू मारुन झाला तरिही
केस तुझे हे संपत नाहित,
काळ्या माझ्या विजारीवरी
बसले जागा तुझीच राखित.

झटकत नाही आज तयांना,
तसाच येतो घरात आता,
सवयीने मी दारापाशी
'आलो' म्हणतो जाता जाता.

दुसरे गाणे लाल चेंडूचे आहे आणि ते चालताना म्हणावे. कुत्र्यांना निळा आणि पिवळा रंग चांगला ओळखता येतो, लाल मात्र हिरव्यापासून वेगळा काढता येत नाही, हे आपल्याला फार उशिरा कळले. म्हणजे कित्येक वर्षे तू हिरव्या गवतात लाल चेंडू फेकत राहिलास आणि तो बिचारा कसलीही तक्रार न करता नाकाने शोधून आणत राहिला. त्याबद्दल तू आता स्वतःला बोल लावतोस, पण मी त्याला शोधताना पाहिले आहे, आणि दिसणारा चेंडू आणण्यात त्याला निम्मीसुद्धा मजा आली नसती, असे माझे ठाम मत आहे.

चेंडू होता लाल आपला,
हिरव्या गवती बुडून जाई;
लाल तुला तर दिसतच नव्हता,
हे मज तेव्हा ठाउक नाही.

नाक तुझे ते जमिनीवरती
वळणे घेते, मागे फिरते,
उगाच तिसऱ्या झाडापाशी
क्षणभर त्याला भलते स्मरते.

मग चेंडू तो तोंडी धरुनी
ऐटीमध्ये यावे मिरवत,
'दे' म्हणताना मान फिरवुनी
पुन्हा पळावे मजला खिजवत.

खुणा तुझ्या दातांच्या घेउन
बसला आहे चेंडू आता,
बोट नेमके बसते माझे
एका खाचेमध्ये, धरता.

तिसरे अंगाईगीत आहे, आणि ते सगळ्यांत हळू म्हणायचे. दिवसा घरात काहीतरी चालू असते, पण रात्री दिवा मालवल्यावर खिडकीखालच्या चटईकडे तुझे लक्ष जाते, असे वहिनीने मला सांगितले. ती चटई उचलावी की नाही यावर घरात दोन मते आहेत, असेही कळले. माझे मत शेवटच्या कडव्यात आहे, आणि ते वहिनीला आधी वाचून दाखव.

गिरकी घेउन तीनदाच तू
गोल होउनी निजायचास,
झोपेमध्ये पंजे हलवत
कुठे कुठे तू पळायचास.

कुणामागुनी धाव असे ती,
आम्हां कधिही कळले नाही;
गाल फुगवुनी भुंकलास पण
'भू' ते पुरते फुटले नाही.

नीज गड्या, ती चटई अजुनी
खिडकीखाली अंथरलेली,
उचलिन केव्हातरी तीहि मी,
आज असू दे घडी न केली.