हवेशीर खोली

नवतपा लागून दोन-तीन दिवस झाले होते. हनुमाननगरात सातच्या सुमारास लाईन गेली आणि गल्लीतले झाडून सगळे कूलर एका दमात बंद पडले. उन्हाळ्यात नागपुरात ही शांतता गाढ झोपलेल्या माणसालाही उठवते. कोणी गच्चीवर आलं, कोणी फाटकात उभं राहिलं, ‘आपलीच गेली का सगळ्यांची’ म्हणून एकमेकांना विचारू लागलं.

ती नेमकी तेव्हाच स्कूटी उभी करत होती. तोंडाला बांधलेला दुपट्टा सोडून तिने मोबाईलवरची जाहिरात पुन्हा वाचली. ‘वरची खोली, स्वतंत्र जिना, हवेशीर, बोअरचं पाणी. नोकरदार महिलेस प्राधान्य.’ घर नंबर बरोबर होता. ओट्यावर लुंगी-बनियानवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, हातात पुठ्ठ्याचा तुकडा, त्यानेच वारा घेत.

“खोली पाहायला आले, काका. दुपारी फोन केला होता.”

“हो, पोरीनं सांगितलं पुण्याहून. बसा ना. पण आता काय दिसणार तुम्हाले?” मान तिरपी करून ते कानोसा घेत होते. “पुरा फीडर गेला. समोरच्या कॉलनीतबी कूलरचा आवाज नाही. आपल्या एकट्याची डीपी उडाली असती, तं तिकडचे चालू असते. तास-दीड तास धरा.”

“वीज खात्यात होता का तुम्ही?”

“कोराडीले. बॉयलरवर.”

तिची ड्युटी नऊला होती. मोबाईलची बॅटरी सहा टक्के. परत जावं तर उद्या पुन्हा झोपमोड करून यावं लागणार. ती पायरीवर बसली.

“चहा घेता?” काका म्हणाले. “घ्याच. सकाळचं अर्धा लिटर दूध आहे. दुपारीबी दोन तास लाईन नव्हती, फ्रिज काय करन बिचारा. आता नाही तापवलं तं रात्री फाटन.”

गुडघ्यावर हात टेकून ते उठायला लागले तशी तीच उठली. “राहू द्या काका, मी करते. फक्त कुठं काय आहे ते सांगा.”

स्वयंपाकघरात तिने टॉर्च लावला, गॅस कुठे आहे तेवढं बघितलं आणि बंद केला. रात्रभरासाठी बॅटरी लागणार होती. काका दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले.

“ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात लायटर. खाली कप्प्यात गंज आहे, लहान घ्या. आता मांडणीची दुसरी फळी. डावीकडून तिसरा डबा चहापत्ती. चौथा साखर. पाचव्याले हात नका लावू, त्याच्यात मीठ आहे.”

तिसऱ्या डब्याचं झाकण उघडलं तसा चहापत्तीचा वास आला. चौथ्याला वास नव्हता. चमच्याने ढवळलं तर जाड रवाळ काहीतरी लागलं. साखर असेल, खडेमीठही असेल. परक्या घरातल्या डब्यात बोट घालून चाखणं तिला जमेना. ती क्षणभर थांबली आणि सरळ दोन चमचे गंजात टाकले.

आलं तिने आधी पाण्यातच उकळू दिलं. दूध दमलेलं असलं आणि त्यात कच्चं आलं पडलं की हमखास फाटतं, हे तिच्या आईने तुमसरच्या घरी शिकवलेलं. पाणी चांगलं खदखदल्यावर दूध ओतलं. मग वाकून गंजाच्या कडेला बघत राहिली. घरात उजेड असा तेवढाच होता, बर्नरच्या निळ्या ज्योतींचा. कडेने बारीक फेस धरला, फेसाची कडी हळूहळू आत सरकली. कण दिसतात का म्हणून तिने चमचा फिरवला. दिसले नाहीत. चहा वर आला.

“नाही फाटलं, काका.”

“मंग जमलं.”

चहा त्यांनी मधल्या खोलीत घेतला, खाली बसून. काकांनी बशी मागितली. त्यांनी इतक्या बिनचूकपणे कपातून बशीत चहा ओतला की ती बघत राहिली.

“तुम्हाला अंधारात दिसतं कसं?”

“दिसत नाही. उजेडातबी दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. लाईन असो का नसो, डबे मी असेच काढतो. बायकोनं जसे लावले, तसेच आहेत. म्हणून चालते माह्यं.”

“ऑपरेशन?”

“थंडीत करू म्हणलं. उन्हाळ्यात कोणी करते काय?”

इथे तिच्यातली सिस्टर जागी झाली. पूर्वी डोळ्याला मोठा छेद द्यायचे, टाके पडायचे, घामाने त्रास होईल म्हणून लोक थंडीची वाट बघायचे. आता छेद असतो दोन-तीन मिलिमीटरचा, बहुतेक वेळा टाका लागतच नाही. ऋतूशी काही संबंध राहिलेला नाही. उलट मोतीबिंदू जितका पिकू द्याल तितका कडक होतो आणि काढायला अवघड जातो. हे सगळं तिने एका दमात सांगितलं. वॉर्डात नातेवाइकांना सांगतात तसं.

काका बशी फुंकत राहिले. “साखर बरोबर पडली,” एवढंच म्हणाले.

मग तिने तिच्या कामाचं विचारलं. वर खिडकी कोणत्या बाजूला आहे, कूलर बसतो का, आजूबाजूला शाळा किंवा कारखाना तर नाही. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात ती आयसीयूत होती. रात्रपाळी मागून घेतलेली, कारण रात्रीचे पैसे जास्त. सकाळी घरी येऊन दहाला पडायचं, चारला उठायचं. सध्याच्या खोलीत आणखी तिघी होत्या, तिघी दिवसपाळीच्या, पण आठवड्याच्या सुट्ट्या वेगवेगळ्या. म्हणजे रोज दुपारी कोणी ना कोणी भांडी घासणार, फोनवर बोलणार. “मला बाकी काही नको, काका. दिवसा झोप लागली पाहिजे. रात्री सलाईनचे थेंब मोजताना डोळा लागून चालत नाही.”

काकांनी बशी खाली ठेवली.

ते इथे गप्प बसले असते तर खोली गेली असती. मार्चपासून ती रिकामी होती, आणि भाड्याची त्यांना गरज होती. पोरगी रोज फोनवर विचारायची. अंधारात या मुलीला काही दिसणारही नव्हतं. संध्याकाळी वरच्या खिडकीतून झुळूक येते, तीच आली असती, आणि जाहिरात खरी वाटली असती. पण आयुष्य बॉयलरपाशी गेलेल्या त्या माणसाला उष्णतेच्या बाबतीत थाप मारता येत नव्हती.

“तुम्ही ती खोली नका घेऊ,” ते म्हणाले.

“का?”

“वरतून स्लॅब, आन् खिडकी पश्चिमेले. स्लॅब दिवसभर पेत रायते, दुपारी एकदा तापली की मंग रात्री बारापर्यंत आत सोडत बसते. कूलर लावला तरी वाफच मारते. पोरीनं हवेशीर लिहिलं ते खोटं नाही, पण ती हवा रात्रीची. तुम्ही झोपणार दिवसा. दिवसा तिथं लू येते.”

ती काहीच बोलली नाही. मानेवाड्याला बघितलेली खोली वरचीच होती. नंदनवनची पण. भाड्याने देतात ती वरचीच, खाली घरमालक राहतात. तिने कप फरशीवर ठेवला आणि हात तिथेच राहिला. फरशी थंड होती. मागे सरकून तिने पाठीमागच्या भिंतीला तळवा लावला. पेशंटच्या कपाळाला लावावा तसा, उलटसुलट दोन्ही बाजूंनी. मे महिन्यातल्या संध्याकाळी नागपुरातली भिंत अशी लागत नाही.

“ही खोली कोणाची?”

“कोणाची नाही. तिची शिलाई मशीन आहे, एक खाट आहे, कपड्यांचे गाठोडे आहेत.”

“चारी बाजूंनी घरच आहे ना हिच्या? ऊन कुठूनच लागत नाही.”

“ही द्यायची नाही आहे,” काका घाईने म्हणाले.

“बरं.”

खरंच तिने पुढे काही विचारलं नाही. कुठे थांबायचं हे आयसीयूत शिकायला मिळतं. उरलेला चहा पिऊन झाला. बाहेर पोरं गल्लीत उतरून लपाछपी खेळत होती आणि कोणाची तरी आई ‘साप-विंचू निघन बाप्पा, घरात या’ म्हणून ओरडत होती. काका पुठ्ठ्याने वारा घेत होते. थोड्या वेळाने तो वारा तिच्याकडे यायला लागला, म्हणजे त्यांनी हात वळवला होता.

“रात्री घरी नसान तुम्ही?”

“नाही.”

“आन् दिवसा झोपून रायसान.”

“हो.”

“मंग तं मले कोणी रायलं असं वाटणारबी नाही.” ते स्वतःशीच हिशेब करत होते. “मशीन हलवता येणार नाही. तिथंच राहीन ते.”

“राहू द्या. मी शिवते कधीकधी.”

“वरच्याचं भाडं चार हजार सांगितलं होतं पोरीनं.”

“खालचं?”

“तेच. लाईटबिल अर्धं.”

“अर्धं कशाला काका? इथं मला कूलर लागणारच नाही. तुमचा समोरच्या खोलीतला चालेल, त्याचं अर्धं मी का देऊ?”

काका पहिल्यांदा हसले. “पाव द्या मंग. पण एक अट आहे. डबे जागचे हलवायचे नाही. घेतलं की तिथंच, त्याच फळीवर.”

“नाही हलवणार. माझ्या दोन आहेत. दुपारी भंगारवाला, भाजीवाला, कोणीही आला तरी फाटकातूनच बोलायचं, आत हाक नाही मारायची.”

“कबूल. दुसरी?”

“या सोमवारी माझ्यासोबत मेडिकलला यायचं, डोळे दाखवायला. ओपीडीची चिठ्ठी मी काढते, तुम्ही फक्त बाकावर बसायचं.”

“हे अट झाली का जबरदस्ती?”

“ॲडव्हान्स किती देऊ ते सांगा, काका. नऊची ड्युटी आहे माझी.”