राखण: आक्कांचा एक दिवस

शेतीपंप नियंत्रक ‘राखण’च्या अनावरणाची निवेदन-संहिता
स्थळ: नारायणगाव, मंगल कार्यालयाचं सभागृह. वेळ: सकाळी ११. निवेदन एकाच व्यक्तीचं. कंसातल्या सूचना पडदा आणि दिवे सांभाळणाऱ्यांसाठी.

(दिवे पूर्ण. पडदा कोरा.)

नमस्कार मंडळी. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, कुठून कुठून आलात. कांद्याचं पाणी सोडून आलात, म्हणून आपण थेट कामाचंच बोलू.

पुढची काही मिनिटं आपण एका बाईंचा दिवस बघणार आहोत. गावात त्यांना सगळे आक्का म्हणतात. ओतूरच्या बाजूला त्यांची साडेतीन एकर जमीन आहे. त्यात दीड एकर कांदा, एक एकर नवी टोमॅटोची लागवड ठिबकवर, आणि उरलेला ऊस. एक विहीर आणि ५ एचपीची मोटर. मुलगा चाकणला कंपनीत शिफ्टवर असतो. फेब्रुवारी चालू आहे आणि या आठवड्यात त्यांच्या फीडरला थ्री फेज रात्रीची आहे, १० ते ६.

(पडद्यावर: पहाटेचं घर, ओट्यावर फोन. ५:४०.)

आक्का उठल्या, चूल पेटवली आणि फोन घेतला. रात्रीचा हिशोब एका संदेशात आलेला आहे.

(पडद्यावर: ‘मोटर चालली ५ तास ५० मिनिटं. वीज गेली २ वेळा. मोटर बंद झाली १ वेळा, कारण: दोन नंबरचा फेज गेला, ३:१०. पुन्हा चालू ३:४२.’)

शेवटचं वाक्य बघा. ही घटना एरवी कशी कळते, ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. सकाळी विहिरीवर जावं, बटण दाबावं, नुसता घुंऽऽ आवाज यावा आणि जळक्या वार्निशचा वास यावा. मग चेनकप्पी, चार माणसं, मोटर वर काढायची, रिवाइंडिंगवाल्याकडे टाकायची, आणि ऐन पोसणीच्या वेळी कांदा तहानलेला.

चालू मोटरीचा एक फेज गेला तर मोटर थांबत नाही, खरी गोम इथेच आहे. ती उरलेल्या दोन फेजवर फिरत राहते आणि त्या दोन वायरींतून जवळजवळ पावणेदोन पट करंट ओढते. ८ अँपिअरची मोटर १४ च्या घरात जाते. पॅनलमधला ओव्हरलोड रिले असतो, पण सारखा ट्रिप होतो म्हणून कितीतरी ठिकाणी तो वरच्या आकड्यावर फिरवून ठेवलेला असतो. मग वाइंडिंग तापतं आणि जळतं. ‘राखण’ तिन्ही फेजचा करंट सतत मोजतं आणि एक फेज गेला की तीन सेकंदांत मोटर सोडतं. आक्कांच्या विहिरीवर ३:१० ला हेच झालं. त्या झोपेत होत्या आणि त्यांनी झोपेतच असायला हवं.

आणखी एक. थ्री फेजची वेळ संपली की बऱ्याच फीडरवर घरांच्या दिव्यांसाठी सिंगल फेज चालू ठेवतात. तेव्हा मीटर लावून बघा, तिन्ही वायरींत व्होल्टेज दिसतं. साधा ऑटो तिथेच फसतो, वीज आली समजून मोटर लावतो. आमचं यंत्र नुसतं व्होल्टेज बघत नाही, तिन्ही फेजमधलं अंतर बरोबर आहे का तेही तपासतं. नसेल तर मोटर लागणार नाही.

(पडद्यावर: डेअरीचं दूध संकलन केंद्र. ६:४५.)

आक्का दूध घालायला गेल्या. तिथे शेजारचे एक भाऊ भेटले. एकाच डीपीवर दोघांच्या मोटरी. भाऊ म्हणाले, “आक्का, रात्री दोनदा लाइट गेली, पण फ्यूज नाही उडाला. नवल आहे.”

हे नवल जरा सावकाश समजून घेऊ, कारण इथे बसलेल्या सगळ्यांच्या खिशाशी त्याचा संबंध आहे.

(पडद्यावर: ६३ केव्हीएचा डीपी आणि त्यावर दहा मोटरींचं रेखाचित्र.)

६३ केव्हीएचा डीपी साधारण ८७ अँपिअर देऊ शकतो. दहा मोटरी प्रत्येकी ८ अँपिअर घेऊन चालल्या तर ८० होतात. भागतं. पण मोटर सुरू होताना काही क्षण सहापट करंट ओढते. दहाही मोटरींना ऑटो असेल, तर वीज येताच त्या एकदम उठतात, आणि ८० चे ४८० अँपिअर होतात. फ्यूज उडतो, नाहीतर डीपी जळतो. नवा डीपी येईपर्यंत सगळं शिवार कोरडं. महावितरण ऑटो स्विच काढायला सांगतं, त्यामागे हेच कारण आहे, आणि ते खरं आहे. पण रात्री विहिरीवर कोण जाणार, हा शेतकऱ्याचा प्रश्नही तितकाच खरा आहे.

म्हणून ‘राखण’ वीज आल्यावर लगेच मोटर लावत नाही. प्रत्येक यंत्राला त्याच्या क्रमांकावरून वेगळी वेळ दिलेली असते, एक ते दहा मिनिटांमधली. तुमची दुसऱ्या मिनिटाला लागेल, शेजाऱ्याची सातव्या. व्होल्टेज पडलेलं दिसलं तर यंत्र आणखी थांबतं. ही वेळ शून्य करायची सोय आम्ही दिलेली नाही. विचारणारे भेटले, पुढेही भेटतील. नाही देणार. एकाची घाई अख्ख्या डीपीला भोवते.

(पडद्यावर: टोमॅटोचं रान, मल्चिंग, ठिबक. ९:३०.)

सकाळी दोन बायका लावून आक्का टोमॅटोच्या नांग्या भरतायत. रोपं कोवळी आहेत, पाणी थोडं आणि वेळेवर लागतं. रात्रीचे आठ तास त्यांनी वाटून ठेवलेत: आधी कांदा, मग टोमॅटोला चाळीस मिनिटं. यंत्र वेळ मोजतं ती मोटर प्रत्यक्ष चालल्याची, घड्याळाची नाही. मधे तासभर वीज गेली तर तो तास भरून काढतं. व्हॉल्व्ह मात्र ते फिरवत नाही, हे आजच स्पष्ट सांगतो. आक्कांच्या मुलाने त्या दोन व्हॉल्व्हना स्वतंत्र टायमर बसवलाय. तो आमचा नाही.

(पडद्यावर: विहीर, दोरावर लोंबकळणारा माणूस, वर पॅनल. ११:१५.)

आता थोडं गंभीर बोलतो. फुटव्हॉल्व्हला शेवाळ अडकलंय म्हणून आक्कांनी एका गड्याला विहिरीत उतरवलंय. मुलगा तिकडे चाकणला आहे आणि त्याच्याही फोनवरून ही मोटर चालू होते. समजा दिवसाची वीज अचानक आली, आणि त्याने तिथून बटण दाबलं?

दुरून मोटर चालवणारं कुठलंही यंत्र विकणाऱ्याने या प्रश्नाचं उत्तर आधी द्यावं, बाकीचं नंतर. पॅनलच्या दाराला एक किल्ली आहे. ती फिरवून खिशात घातली की फोन, मिस कॉल, टायमर, कशानेही मोटर लागत नाही. किल्ली त्याच माणसाच्या खिशात राहायची, जो खाली उतरतोय. आणि तरीही मेन स्विच पाडायचाच. किल्ली ही मेन स्विचची जागा घेत नाही.

(पडद्यावर: दुपार. ओसरी.)

दुपारी विशेष काही नाही. आक्का जेवल्या, जराशा पडल्या. ॲपवर महिन्याचे आलेख वगैरे आहेत, ते मुलगा बघतो. आक्का बघत नाहीत, आणि त्यावाचून त्यांचं काही अडत नाही. त्यांच्यासाठी मिस कॉल आहे. नोंदवलेल्या नंबरवरून एक रिंग दिली की मोटर चालू, दुसरी दिली की बंद. मग यंत्र उलट फोन करून मराठीत सांगतं, “मोटर चालू झाली, व्होल्टेज ठीक आहे.” ज्यांना संदेश वाचता येत नाही त्यांना ऐकता येतं. असे पाच नंबर नोंदवता येतात.

रेंज गेली तर? आपल्या पश्चिम भागात ती जातेच. टायमर आणि सगळं संरक्षण यंत्राच्या आत आहे, त्याला नेटवर्क लागत नाही. फक्त संदेश उशिरा येईल.

(पडद्यावर: अंधार, उसाची कड, दूर घराचा दिवा. दिवे मंद. १०:०४.)

रात्रीचे दहा वाजून गेले. वीज आली. आक्कांची विहीर घरापासून उसाच्या बांधाने जावं लागेल अशा जागी आहे. या तालुक्यात उसाच्या कडेने रात्री चालणं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. बिबट्या आहे. घोणस आहे. वर्षानुवर्षं आपल्या माणसांनी हातात बॅटरी आणि काठी घेऊन, मोठ्याने बोलत, हा रस्ता तुडवलाय, कारण पिकाला पाणी द्यायचं होतं. ‘राखण’ आम्ही बनवलं ते या रस्त्यासाठी. मोटरीचा जीव वाचतो हे चांगलंच आहे, पण आधी माणसाचा.

(पडद्यावर: ‘मोटर चालू, १०:०८.’)

आज विहिरीला पाणी कमी आहे. मध्यरात्रीनंतर ते तळाला जाईल. पाणी संपलं की मोटर हलकी फिरू लागते आणि अँपिअर खाली येतात. आक्कांच्या मोटरीचे ८ चे ५ झाले की यंत्र ओळखतं: कोरडी चाललीय. मोटर बंद होते, झरे भरायला पाऊण तास थांबते आणि पुन्हा लागते. किती थांबायचं ते तुमच्या विहिरीप्रमाणे ठरवा. उन्हाळ्यात वाढवा.

आणि कोणी केबल कापली, तर वीज नसतानाही आतली बॅटरी ते पकडते. पाचही नंबरांना फोन जातो.

(दिवे पूर्ण.)

काही जण मनात म्हणत असतील, आता सौर फीडर येतायत, दिवसा वीज मिळणार, मग हे कशाला? मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली, २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा चालू आहे. ज्या फीडरवर दिवसा वीज आली तिथला रात्रीचा फेरा संपला, आणि तो सगळीकडे संपावा असंच आम्हाला वाटतं. पण फेज दिवसाही जातो, विहीर दिवसाही कोरडी पडते, आणि डीपी तोच राहतो.

आता किंमत. ७,८०० रुपये, जोडणीसह, ३ ते १० एचपीपर्यंत. दोन वर्षांची वॉरंटी, वीज कोसळून जळालेलं त्यात धरलेलं नाही. सिमकार्ड तुमचं, रिचार्ज तुमचा. नारायणगाव, आळेफाटा आणि मंचरला दुरुस्ती केंद्रं आहेत. ऐन हंगामात यंत्र बिघडलं तर त्याच दिवशी बदली यंत्र लावून देऊ. आपला जुना स्टार्टर काढायची गरज नाही, तो चांगला असेल तर त्यालाच जोडतो.

बाहेर मांडवात पाण्याच्या टाकीवर ५ एचपीची मोटर चालू ठेवली आहे. शेजारी तीन फ्यूज आहेत आणि आमचा वायरमन उभा आहे. कुठला फ्यूज काढायचा ते तुम्ही सांगा, तो काढेल, आणि मोटर किती वेळात सुटते ते तुमच्याच घड्याळात बघा. नोंदणी करणाऱ्यांनी मोटरीचा एचपी, विहीर की बोअर, आणि डीपीवर एकूण किती मोटरी आहेत, एवढं सांगावं. एकाच डीपीवरचे सगळे मिळून आले असतील तर आधी पुढे या, तुमच्या वेळा एकमेकांशी जुळवून आजच ठरवून देतो. चहा डाव्या हाताला आहे.