गो-लाइव्ह रेडिनेस चेकलिस्ट : चाकण प्लांट, एसएपी

गो-लाइव्ह : शुक्रवार, 3 ऑक्टोबर 2025, पहिली शिफ्ट
गो/नो-गो बैठक : शनिवार, 27 सप्टेंबर, दुपारी 4
खालची स्थिती 26 सप्टेंबर संध्याकाळची.

जुनी सिस्टिम 30 सप्टेंबरला रात्री 10 वाजता बंद. तिथून 2 तारखेच्या रात्री 10 पर्यंत कटओव्हर. दसऱ्याची सुट्टी यातच धरली आहे. ग्राहकांकडे एका दिवसाचा जादा माल 30 तारखेआधी पोचवायचा.

नो-गोच्या अटी
एकही अपुरी राहिली तर तारीख थेट 1 नोव्हेंबर. महिन्याच्या मध्यावर सुरू केलं तर एकाच महिन्याचं जीएसटी रिटर्न दोन सिस्टिममधून जुळवावं लागतं.

- [x] सेव्हरिटी 1 डिफेक्ट शून्य. सेव्हरिटी 2 जास्तीत जास्त 3, वर्कअराउंडसह. आज 0 आणि 2.
- [x] मॉक कटओव्हर 48 तासांच्या आत. दुसरा मॉक 41 तासांत झाला.
- [x] मॉकमध्ये ओपनिंग स्टॉकची किंमत आणि ट्रायल बॅलन्स यांत फरक शून्य.
- [ ] जॉबवर्करकडचा माल, पार्टीनिहाय (`561 O`). 14 पैकी 11 पार्ट्यांचं कन्फर्मेशन आलं. चलनाची मूळ तारीखच टाकायची. आजची टाकली तर परतीची एक वर्षाची मुदत चुकीची मोजली जाते.
- [ ] ई-इनव्हॉइस, ई-वे बिल. खाली पाहा.
- [ ] तिन्ही शिफ्टचे युजर, स्वतःच्या लॉगिनने. रात्रपाळीच्या गेट आणि स्टोअरचे 6 जण बाकी. अडलं तर `SU53` चा स्क्रीनशॉट लगेच पाठवा. दुसऱ्याचं लॉगिन वापरू नका.

सगळ्यात मोठा अडसर : इनव्हॉइस नंबर
नवी सिरीज जुन्याच प्रीफिक्सने 1 पासून सुरू होते आहे. आयआरएन बनतो तो जीएसटीआयएन, आर्थिक वर्ष, डॉक्युमेंटचा प्रकार आणि नंबर यांवरून. एप्रिलमध्ये वापरलेला नंबर पुन्हा गेला की `2150 : Duplicate IRN` येऊन गाडी गेटवर उभी राहील. टेस्टिंगमध्ये हे दिसलं नाही, कारण सँडबॉक्सवर जुनी बिलं नव्हतीच. उपाय : `CHK/25/S/000001`. चिन्हांसह 15 अक्षरं, मर्यादा 16. शनिवारी दुपारी 12 पर्यंत बदल करून फायनान्सने प्रिंटसह तपासायचं.

मोजणी
30 तारखेला रात्री 10 ते 1 तारखेला सकाळी 9. त्या दिवशी खंडेनवमीची पूजा आहे. पूजेसाठी टॅग किंवा ट्रॉल्या हलवू नका. बार स्टॉक किलोत येतो आणि नगात इश्यू होतो, म्हणून टॅगवर एकक लिहिल्याशिवाय नोंद घेऊ नये.

सही
- स्टोअर हेड : मोजणीची तयारी, जॉबवर्क यादी. बाकी.
- फायनान्स हेड : मॉकचा ट्रायल बॅलन्स, इनव्हॉइस सिरीज. पहिल्यावर सही झाली, दुसऱ्यावर नाही.
- आयटी हेड : बॅकअप परत चढवून पाहिला, इंटरफेस. झाली.
- प्लांट हेड : अंतिम गो. बैठकीतच, वरच्या तिघांच्या नंतर. "अटींसह सही" धरली जाणार नाही.

मागे फिरण्याची शेवटची वेळ
3 तारखेचा पहिला आयआरएन निघेपर्यंत. त्यानंतर तो फक्त 24 तासांत रद्द होतो, आणि माल निघाला असेल तर क्रेडिट नोटच काढावी लागते. म्हणून पहिलं बिल प्लांट हेडने फोनवर होकार दिल्यावरच काढायचं.