सुताची किंमत आणि विणकराची मजुरी

इंग्लंडच्या गिरण्यांतील कापड आले आणि आपला हातमाग बुडाला, असे आपण शाळेत एका वाक्यात शिकलो. वाक्य खोटे नाही. पण त्यात घटनांचा क्रम नाही आणि नेमका कोणाचा घास आधी गेला हेही त्यातून कळत नाही. महाराष्ट्रापुरते पाहिले, तर एकोणिसाव्या शतकात सोलापूर, येवला, नागपूर, उमरेड, पवनी या गावांतील माग बंद पडण्याच्या कितीतरी आधी घराघरांतील चरखे बंद पडले होते.

यंत्राने पहिला घाव घातला तो कताईवर. शंभर पौंड कापसाचे बारीक सूत हाताने काढायला भारतीय कातणारीला सुमारे ५०,००० तास लागत, असा अर्थशास्त्राच्या इतिहासकारांचा अंदाज आहे. क्रॉम्प्टनने १७७९ मध्ये म्यूल हे कताईयंत्र तयार केले आणि पुढच्या सुधारणांनंतर, १८२५ च्या सुमारास आलेल्या स्वयंचलित म्यूलवर, तेच काम १३५ तासांत होऊ लागले. एवढ्या फरकापुढे कमी मजुरीचा आधार टिकणे शक्यच नव्हते. कातणाऱ्या बहुतेक स्त्रिया होत्या. त्यांत विधवा होत्या, आणि शेतीची कामे नसताना दोन पैसे जोडणाऱ्या शेतकऱ्यांच्या बायकाही होत्या. त्यांची जातपंचायत नव्हती, पेठ नव्हती, त्यामुळे त्यांच्या तक्रारीची नोंद फारशी कोठे झाली नाही. हातमागाच्या ऱ्हासाविषयी लिहिताना आपण साळी, कोष्टी, पद्मशाली आणि मोमीन यांची नावे घेतो, ते योग्यच आहे. परंतु माणसांच्या संख्येने पाहिले तर सर्वांत मोठी बेकारी बहुधा या निनावी कातणाऱ्यांचीच असावी.

विणकराला मात्र आरंभी हे विलायती सूत सोयीचेच वाटले. ते एकसारखे होते, ताण्यावर कमी तुटे आणि स्वस्तही पडे. पण याच सोयीतून त्याचे परावलंबन सुरू झाले. पूर्वी सूत गावातून, आठवड्याच्या बाजारातून थोडेथोडे घेता येई. आता ते मुंबईहून गठ्ठ्यांनी येऊ लागले आणि ते घेण्याइतके भांडवल फक्त व्यापाऱ्यापाशी होते. व्यापारी सूत उधार देई, त्याबदल्यात तयार लुगडी आपल्याच दुकानी घालण्याची अट घाली आणि दोन्हींचे भाव स्वतःच ठरवी. काठाचे रेशीम आणि जरही त्याच्याकडूनच घ्यावी लागे. घरात काम सर्वांनाच असे: बायका-मुलांनी कांड्या भरायच्या, सकाळी गल्लीत ताणा पसरून त्याला खळ लावायची आणि पुरुषाने खड्ड्यात पाय सोडून दिवसभर धोटा टाकायचा. एवढ्या सगळ्यांच्या श्रमाचा मोबदला एका नगाच्या मजुरीत सामावलेला असे. माग त्याचाच राहिला, कामाचे तासही तोच ठरवी, आणि तरीही तो स्वतःच्या घरात दुसऱ्याचा मजूर झाला.

कापडाची आयात वाढली ती केवळ यंत्राच्या बळावर नव्हे. हिंदुस्थानी छापील कापड अंगावर घालण्यास इंग्लंडने १७२१ च्या कायद्याने बंदी केली होती. पुढे लँकेशायरच्या गिरण्या उभ्या राहत असताना तिकडे जाणाऱ्या आपल्या कापडाच्या काही प्रकारांवर किमतीच्या ७०-८० टक्क्यांपर्यंत जकात होती, तर इकडे येणाऱ्या विलायती कापडावर ती नाममात्र होती. १८१३ मध्ये कंपनीची हिंदुस्थानच्या व्यापारातील मक्तेदारी संपली आणि खासगी व्यापाऱ्यांना वाट मोकळी झाली. १८८२ मध्ये तर सुती मालावरील आयात जकात पूर्णपणे उठवण्यात आली. मुक्त व्यापाराचे तत्त्व ज्या देशाने आपली गिरणी सज्ज होईपर्यंत स्वतःला लावले नाही, त्यानेच ते दुसऱ्याला शिकवावे, याला माझ्या मते धोरण न म्हणता सोय म्हणणे अधिक प्रामाणिक ठरेल.

त्यात रेल्वेची भर पडली. १८६० मध्ये लोहमार्ग सोलापूरला आणि १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला, १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला. बैलांच्या तांड्यावरून घाट चढणाऱ्या कापडाला अंतराचे जे ओझे पडे, ते आता उरले नाही. नागपूर परिसराची स्थिती विशेष बिकट होती. भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, दरबार गेला आणि त्याबरोबर बारीक धोतरे, उपरणी आणि पागोट्यांचे मोठे गिऱ्हाईक गेले. म्हणजे उमरेड-पवनीच्या कोष्ट्यांचा माल घेणारे कमी होत होते, त्याच सुमारास स्वस्त विलायती धोतरजोडी बाजारात येत होती. यांतील कोणत्या कारणाने किती नुकसान झाले हे वेगळे काढता येत नाही, आणि सगळे यंत्राच्या माथी मारणेही बरोबर नाही.

हातमाग सरसकट मेला नाही, हेही सांगितले पाहिजे. साधे पांढरे, लांबच्या लांब एकसारखे कापड यंत्राला सोपे; त्यामुळे धोतर, मलमल, अस्तर हे प्रकार आधी गेले. नऊवारी लुगड्याचे तसे नव्हते. अंगाचा रंग एक आणि दोन्ही काठांचा दुसरा असला, तर विणकर तीन धोटे वापरतो: मधला अंगाचे सूत नेतो, कडेचे दोन काठांचे, आणि जेथे ते भेटतात तेथे प्रत्येक फेरीला धागा धाग्यात अडकवतो. विदर्भातील करवती काठाचे दाते असेच उमटतात. हे काम गिरणीच्या मागाला परवडत नव्हते, शिवाय गावोगावी काठ-रंगाची आवड निराळी असल्याने एकाच नमुन्याचे हजारो नग खपतही नव्हते. येवल्याच्या रेशमाला आणि सोलापूरच्या लुगड्यांना आधार मिळाला तो याचा.

परंतु माग चालू राहणे आणि विणकर जगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागांची मोजदाद करून ‘उद्योग टिकला’ असा निष्कर्ष काढणारे विद्वान मजुरीचा आणि कर्जाचा रकाना पुरेसा पाहत नाहीत, असे मला वाटते. दुष्काळात हे उघड होई. पाऊस नसला की शेतकरी प्रथम नव्या कापडाचा खर्च टाळतो. त्यामुळे धान्य महाग होत असतानाच विणकराचे गिऱ्हाईक नाहीसे होई. सरकारी दुष्काळी कामे म्हणजे खडी फोडणे आणि माती वाहणे. आयुष्यभर बारीक धाग्यावर बोटे चालवलेल्या माणसाने ती केली तर पुढे त्याचा हात मागावर बसत नसे. १८९६-९७ च्या दुष्काळात सोलापूरच्या विणकरांना त्यांच्याच धंद्यात काम देण्याची व्यवस्था करावी लागली, ती या कारणाने.

तोपर्यंत स्पर्धकही बदलत चालला होता. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली, सोलापुरातही गिरणीचा भोंगा वाजू लागला आणि विलायती कापडाच्या शेजारी देशी गिरणीचे कापड आले. सरकारने १८९६ मध्ये आयात कापडावर साडेतीन टक्के जकात बसवली आणि लँकेशायरची तक्रार नको म्हणून तेवढाच कर देशी गिरण्यांच्या कापडावरही लादला. या करावर वर्तमानपत्रांतून आणि सभांतून तीस वर्षे वाद झाला, शेवटी १९२६ मध्ये तो रद्द झाला. गिरणी मालकांच्या दृष्टीने तो विजय होता. हातमागाला मात्र जो थोडासा आडोसा त्या कराने नकळत मिळाला होता, तो त्याच दिवशी गेला.