फक्त माहितीसाठी: आपल्या नावाने जाणाऱ्या खोट्या मेलना गुरुवारपासून अटकाव (उत्तर नको, काही करायचं नाही)

प्रति: सर्व कर्मचारी
प्रेषक: मेल व सर्व्हर विभाग

नमस्कार,

हा मेल निव्वळ माहितीसाठी आहे. तुम्हाला काहीही करायचं नाही आणि उत्तरही द्यायचं नाही. 'माहितीसाठी' म्हणून सुरू झालेल्या मेलच्या शेवटच्या ओळीत हळूच 'तरी कृपया शुक्रवारपर्यंत' निघतं, हा सगळ्यांचाच अनुभव आहे. या मेलमध्ये तशी ओळ नाही. वाचन इथेच थांबवलंत तरी काही अडणार नाही.

बदल असा आहे: गुरुवार, 12 तारखेला रात्री 9 पासून, आपल्या डोमेनचं नाव लावलेला पण आपल्या परवानगीशिवाय पाठवलेला मेल समोरच्याच्या इनबॉक्सऐवजी स्पॅममध्ये जाऊ लागेल. सुरुवातीला अशा मेलपैकी साधारण चौथा हिस्सा. सगळं सुरळीत दिसलं तर पुढच्या आठवड्यात सगळेच.

हे का करतोय, तेही सांगतो. अलीकडे आपल्या दोन ग्राहकांना अकाउंट्सच्या पत्त्यावरून 'आमचं बँक खातं बदललं आहे, यापुढे पैसे खालील खात्यात भरावेत' असे मेल गेले. दोघांनीही आधी फोन करून खात्री केली, म्हणून पैसे गेले नाहीत. आपल्याकडे कुणाचंही खातं हॅक झालेलं नव्हतं. तशी गरजच नसते. मेल पाठवायची मूळ पद्धत 1982 सालची आहे आणि तिच्यात 'प्रेषक' म्हणून लिहिलेलं नाव खरं की खोटं हे तपासायची सोयच ठेवलेली नव्हती. पाकिटावर मागच्या बाजूला कुणाचंही नाव लिहावं, तसाच प्रकार.

ती तपासणी नंतर वेगळी जोडली गेली. आपण कोणत्या सर्व्हरना आपल्या नावाने मेल पाठवायची मुभा दिली आहे, त्याची जाहीर यादी म्हणजे एसपीएफ. प्रत्येक मेलवर आपला सर्व्हर लावतो ती डिजिटल सही म्हणजे डीकेआयएम. या दोन्हींपैकी एकही गोष्ट आपल्या डोमेनशी जुळली नाही तर मेलचं काय करायचं, हे सांगणारी सूचना म्हणजे डीमार्क. पहिल्या दोन गोष्टी आपल्याकडे आधीपासून आहेत. डीमार्कही आहे, पण आजवर आपण 'काही करू नका, फक्त आम्हाला रिपोर्ट पाठवा' एवढंच सांगून ठेवलं होतं. गुरुवारी ती ओळ बदलेल. ज्यांना बघायची हौस आहे त्यांच्यासाठी (रिपोर्टचा पत्ता वगळून):

```
v=DMARC1; p=quarantine; pct=25
```

रिपोर्ट इतके दिवस नुसतेच गोळा करत होतो, ते उगीच नाही. आपल्या नावाने खरोखर कोण कोण मेल पाठवतं याची यादी कुणाच्याच डोक्यात पूर्ण नसते. पगाराच्या स्लिपा पाठवणारी सेवा, बिलांची सेवा आणि मार्केटिंगचं न्यूजलेटर ही तीन नावं अपेक्षित होती. चौथं मात्र रिपोर्टमधूनच सापडलं: दुसऱ्या मजल्यावरचा जुना स्कॅनर. 'स्कॅन टू मेल' दाबलं की तो आपल्या मेल सर्व्हरला वळसा घालून थेट बाहेर मेल टाकत होता. सही नाही, यादीत नाव नाही. रोजच्या रिपोर्टमध्ये नापास होणाऱ्यांत तो पहिला. आता त्याचेही मेल आपल्या सर्व्हरमार्गेच जातात, त्यामुळे त्यांवरही सही लागते. स्कॅन करायची पद्धत होती तीच आहे, बटणही तेच.

ज्यांना या कामात खरोखर काही करायचं होतं, त्या एचआर, अकाउंट्स आणि मार्केटिंगच्या मंडळींशी आधीच बोलून ते पूर्ण झालं आहे. मेलिंग लिस्टवर नियमित लिहिणाऱ्या दोघांशीही बोललो आहे. काही लिस्ट मेलच्या तळाशी स्वतःच्या ओळी जोडतात आणि त्यामुळे सही मोडते, एवढीच ती अडचण. साधं फॉरवर्डिंग सहसा अडत नाही: यादीची तपासणी तिथे चुकते, पण मजकुराला हात लागला नसेल तर सही टिकते आणि दोन्हींपैकी एक जुळलं तरी पुरतं.

तुमचा पासवर्ड, फोनवरचं मेल ॲप, मेलखालची तुमची सही, जुने मेल यांतलं काहीच बदलणार नाही. गुरुवारी रात्री मेल बंदही राहणार नाही.

या बदलाने काय होणार नाही, हेही माहीत असलेलं बरं. आपल्या डोमेनसारखंच दिसणारं, एखादं अक्षर इकडचं तिकडे केलेलं वेगळं डोमेन कुणी घेतलं तर डीमार्क त्याला अडवत नाही. पत्ता भलताच ठेवून नुसतं दिसणारं नाव साहेबांचं लावलं, तरीही नाही. म्हणून बँक खात्यातला बदल फोनवर खात्री करूनच मान्य करायचा, हा आपला नियम आहे तसाच चालू राहतो.

या मेलमध्ये मुद्दामच एकही लिंक किंवा अटॅचमेंट ठेवलेली नाही. याच विषयावर 'तुमचं खातं पडताळून घ्या' असा मेल आला, तर तो आमचा नव्हे.

टीम लीडनी हा मेल पुढे पाठवायची गरज नाही, तो सगळ्यांना गेला आहे. पोचल्याचं कळवायचं नाही. 'ओके', 'धन्यवाद', अंगठा यांतलं काही नको, आणि रिप्लाय ऑल तर नकोच. सुट्टीवर असाल तर परत आल्यावर न वाचता डिलीट केलात तरी चालेल.

मेल व सर्व्हर विभाग


विषय: फक्त माहितीसाठी: खोट्या मेलना अटकाव, दुसरा टप्पा आज रात्री (उत्तर नको, काही करायचं नाही)

प्रति: सर्व कर्मचारी
प्रेषक: मेल व सर्व्हर विभाग

नमस्कार,

गुरुवारच्या मेलचा हा पुढचा भाग. हाही फक्त माहितीसाठी, तुमच्याकडून काहीच अपेक्षित नाही.

गुरुवारी रात्री ठरल्याप्रमाणे बदल केला. मेल घेणाऱ्या मोठ्या सेवा असे रिपोर्ट साधारण दिवसातून एकदा पाठवतात, म्हणून शनिवार-रविवारचे रिपोर्ट हातात येईपर्यंत थांबलो. त्यांत पगार, बिलं, न्यूजलेटर आणि स्कॅनर असे आपले चारही मार्ग पास दिसतात. नापास झाले ते आपल्याशी काहीही संबंध नसलेल्या सर्व्हरवरून आलेले मेल, म्हणजे नेमके जे अडवायचे होते तेच.

त्यामुळे आज, सोमवार 16 तारखेला रात्री 9 वाजता आधीच्या मेलमधल्या डीमार्कच्या ओळीतला 25 चा आकडा 100 होईल. नवी नोंद सगळीकडे पोचायला तासभर लागेल. त्या तासात मेल नेहमीसारखेच जात-येत राहतील.

असे मेल स्पॅममध्येही न टाकता थेट नाकारायचे, हा यानंतरचा टप्पा. तो इतक्यात घेणार नाही. तिमाही संपताना बिलांची गर्दी असते, तेवढी एक फेरी रिपोर्टमध्ये पाहायची आहे. तेव्हा असाच एक मेल येईल, आणि त्यालाही उत्तर लागणार नाही.

मेल व सर्व्हर विभाग