संकेतस्थळावरील दावे, आकडे आणि ग्राहकांचे अभिप्राय यांविषयी निवेदन

हे संकेतस्थळ ठाण्यातील नौपाडा भागात काम करणाऱ्या एका वैयक्तिक विमा एजंटचे आहे. ते कोणत्याही विमा कंपनीचे अथवा भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाचे नाही. मी एका आयुर्विमा कंपनीच्या आणि एका आरोग्य विमा कंपनीच्याच पॉलिसी विकतो व त्याबद्दल मला कमिशन मिळते, म्हणून येथील माहितीला बाजारातील सर्व पर्यायांची तुलना समजू नये. सेबीकडे गुंतवणूक सल्लागार म्हणून माझी नोंदणी नसल्याने शेअर किंवा म्युच्युअल फंडांविषयी मी सल्ला देत नाही.

लाभाच्या तक्त्यांत दिसणारे ४ आणि ८ टक्के हे केवळ गृहीत धरलेले दर आहेत. प्रत्यक्ष परतावा त्याहून कमी किंवा जास्त असू शकतो. युलिपमधील गुंतवणुकीची जोखीम विमेदाराची असते आणि पहिली ५ वर्षे त्यातून पैसे काढता येत नाहीत.

‘ग्राहकांचे अनुभव’ या पानावरील मजकूर ग्राहकांच्या लेखी संमतीने, शुद्धलेखनाखेरीज कोणताही बदल न करता दिला आहे. आजाराची आणि ओळख पटवणारी माहिती मात्र वगळली आहे, कारण रुग्णालयातील दिवस हे त्या कुटुंबाचे खासगी दुःख असते, माझ्या जाहिरातीचे साहित्य नव्हे. माझे नातेवाईक असलेल्या ग्राहकांच्या अभिप्रायाखाली तसा उल्लेख केला आहे. अभिप्रायाच्या बदल्यात कोणालाही पैसे, भेटवस्तू किंवा हप्त्यात सवलत दिलेली नाही. कमिशनमधून सवलत देणे वा घेणे विमा कायदा, १९३८ च्या कलम ४१ नुसार निषिद्ध असून त्यासाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. संमती मागे घेतल्यास अभिप्राय काढून टाकला जाईल.

घोडबंदर रस्त्यावरील एका कुटुंबाचा कॅशलेस दावा मंजूर झाल्याचा अनुभव तेथे वाचायला मिळेल. तो निर्णय कंपनीने त्या पॉलिसीच्या अटी, प्रतीक्षा कालावधी आणि प्रस्ताव अर्जातील माहिती तपासून घेतला होता. मी कागदपत्रे जमवायला मदत करतो, परंतु दावा मंजूर करून देण्याची हमी मी देऊ शकत नाही आणि अशी हमी कोणी एजंट देत असेल तर तिच्यावर विसंबू नये. मधुमेह, रक्तदाब, जुनी शस्त्रक्रिया यांची नोंद अर्जात स्वतः वाचून खात्री केल्याशिवाय सही करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

विमा हा आग्रहाचा विषय आहे. विक्री पूर्ण होण्यापूर्वी जोखमीचे घटक, अटी आणि अपवाद माहितीपत्रकात काळजीपूर्वक वाचावेत; येथील मराठी मजकूर आणि पॉलिसीचा दस्तऐवज यांत तफावत आढळल्यास दस्तऐवजच ग्राह्य धरला जाईल. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांच्या आत ती नापसंत असल्यास परत करता येते, मात्र नियमानुसार काही रक्कम वजा होऊ शकते.

विमा प्राधिकरण पॉलिसी विकत नाही, बोनस जाहीर करत नाही आणि हप्त्याची रक्कम गुंतवत नाही. त्याच्या नावाने असे फोन आल्यास पोलिसांत तक्रार नोंदवावी. माझ्या किंवा कंपनीच्या सेवेबद्दलची तक्रार आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी. समाधान न झाल्यास ‘बिमा भरोसा’ या पोर्टलवर ती मांडता येते, तसेच विमा लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता येते.