प्रास्ताविक: ‘कोरडा फड – पांझरा खोऱ्यातील पाणीवाटपाचे निर्णय, १८१८ ते २००५’

पाणी सगळ्यांना पुरणार नाही हे एकदा कळले, की यंदा कोणाची जमीन कोरडी राहायची हे कोणी ठरवायचे? आणि ज्याची राहणार, त्याने ते का ऐकायचे? या प्रबंधात एवढ्याच प्रश्नाचा पाठपुरावा केला आहे.

धुळे जिल्ह्यातील पांझरा आणि नाशिक जिल्ह्यातील मोसम व आरम या नद्यांवर गावांनी चालवलेली फड बागायत प्रसिद्ध आहे. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघणारा पाट, पाटाच्या चाऱ्या, चाऱ्यांवरून शेतात जाणारे सारंग, आणि या सगळ्याखाली भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार मोठे तुकडे, म्हणजे फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक. कोणत्या फडात ऊस, कोणत्यात हंगामी पीक आणि कोणता फड पडीक, हे दरवर्षी गाव ठरवणार. पाणी सोडायला पाटकरी, त्याच्यावर हवालदार, पिकाच्या राखणीला जागल्या. तीन-चारशे वर्षांपूर्वीची म्हणून या व्यवस्थेचे कौतुक खूप झाले आहे, आणि ते वाजवीही आहे. मात्र त्या कौतुकात पडीक फडाचा उल्लेख बहुतेक वेळा अर्ध्या वाक्यात उरकला जातो. पाणी कसे वाटले हे सविस्तर येते. पाणी कोणाला नाही म्हटले, हे येत नाही.

तिथूनच हे काम सुरू झाले. माझे म्हणणे थोडक्यात असे: फडाची ताकद पाटापेक्षा जमिनीच्या मांडणीत होती. जवळजवळ प्रत्येक बागायतदाराची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असे. त्यामुळे एखादा फड कोरडा ठेवायचा ठरला, तर तोटा एका घराच्या माथी न बसता सगळ्यांच्या वाट्याला थोडा थोडा येई. ज्याचा एक तुकडा कोरडा राहिला, त्याचा दुसरा भिजत होता. म्हणून तो पंचांचे ऐके. वाटण्या आणि खरेदी-विक्रीतून ही मांडणी विस्कटली आणि काही घरांची सगळी जमीन एकाच फडात आली, तेव्हा तोच निर्णय अन्याय वाटू लागला. त्यात फडातच विहिरी खोदल्या गेल्या, त्यांवर विजेचे पंप बसले, आणि कोरड्या ठरलेल्या फडात ऊस उभा राहू लागला. बंधारा तसाच होता, पाटही वाहत होता. गावाच्या हातून निसटला होता तो ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार. वरच्या अंगाला धरणे झाल्यामुळे फड मोडले, असे सर्रास सांगितले जाते. ते खोटे नाही, पण मी तपासलेल्या गावांपैकी बहुतेक ठिकाणी पडीक फडाचा नियम त्याआधीच सैल झाला होता. पाचव्या प्रकरणात हा मुद्दा वर्षांसह मांडला आहे, आणि कोणी खोडून काढायचा झाला तर तिथूनच सुरुवात करावी.

या प्रास्ताविकाचा पहिला खर्डा एकोणीस पानांचा होता. त्यात आजोबांची मोट होती, पाटात शिकलेले पोहणे होते, एसटी चुकल्यावर साक्रीच्या स्थानकात काढलेली रात्र होती. मार्गदर्शकांनी समासात एकच ओळ लिहिली: ‘यातले वाचकाला प्रबंध तपासायला काय उपयोगी?’ त्या कसोटीला एकच गोष्ट उतरली, ती इथे नोंदवते. माझ्या आजोळची जमीन अभ्यासातल्या नऊ बंधाऱ्यांपैकी एकाच्या फडात आहे. त्या गावात मला दप्तर सहज मिळाले आणि माणसे मोकळेपणाने बोलली. त्याच कारणाने त्यांनी काही गोष्टी माझ्यापासून राखून ठेवल्या असतील. म्हणून त्या गावाची सामग्री पीकफेर आणि देखभाल या प्रकरणांत वापरली आहे, पाणीतंट्यांच्या प्रकरणात मुळीच नाही. बाकीची अठरा पाने काढून टाकली. (मोटेबद्दल थोडी हळहळ वाटली.)

आता मर्यादा. अभ्यास पांझरा खोऱ्यापुरता, त्यातही साक्री आणि धुळे तालुक्यांतील नऊ बंधाऱ्यांपुरता आहे. मोसम आणि आरम या नद्यांचे पाणी गिरणेला जाते, तिथली जमीनधारणा वेगळी आहे आणि तिथे मी काम केलेले नाही. त्यामुळे इथले निष्कर्ष बागलाणला लावायचे असतील तर ते तपासूनच लावावेत. विदर्भातील मालगुजारी तलावांशी तुलना करण्याचा मोह झाला होता. पण तलावात साठलेले पाणी मोजून वाटता येते, बंधाऱ्यावरचे वाहते पाणी येईल तसे घ्यावे लागते, आणि या एका फरकाने सगळे नियम बदलतात. ती तुलना करायची तर स्वतंत्र प्रबंध लागेल. बंधाऱ्यांची बांधणी आणि पाण्याच्या प्रवाहाचे गणित हे अभियंत्यांचे क्षेत्र. तिथे मी उसन्या आकड्यांवर चाललेली नाही. फड पद्धत नेमकी कोणी आणि कधी सुरू केली, या प्रश्नालाही हात घातलेला नाही. हाती असलेल्या कागदांवरून त्याचे उत्तर निघत नाही.

कालखंड १८१८ पासून धरला आहे, कारण पेशवाई संपून खानदेश कंपनी सरकारकडे गेल्यावर महसुलाच्या निमित्ताने बंधारे, पाट आणि त्यांखालची जमीन यांचे कागद सलग मिळू लागतात. त्याआधी फड नव्हते असा याचा अर्थ नाही. १८७९ चा मुंबई पाटबंधारे कायदा आणि १८८० साली निघालेले खानदेशचे गॅझेटिअर हे या काळातले दोन मोठे टप्पे. शेवट २००५ ला केला आहे. त्या वर्षी सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा महाराष्ट्रात झाला आणि ‘पाणी वापर संस्था’ हा नवा गडी कायद्याच्या बळावर मैदानात आला. त्यानंतरच्या घडामोडी ताज्या आहेत, त्यांतली माणसे पदावर आहेत; त्यावर मी लिहिलेले नाही. हा सगळा काळ सारख्या जाडीने विणलेला नाही, हेही सांगून ठेवते. १९६० ते १९९० या तीस वर्षांनी प्रबंधाची निम्मी पाने घेतली आहेत, कारण त्या काळाचे कागदही आहेत आणि साक्षीदारही. एकोणिसाव्या शतकाचा भाग त्या मानाने विरळ आहे. तिथे सरकारी नजरेतून दिसलेला फड आहे. पाटकऱ्याच्या नजरेतला नाही.

प्रबंध सलग वाचण्याची गरज नाही. ज्यांना फड पद्धत ठाऊक आहे, त्यांनी पहिले प्रकरण सोडून थेट दुसऱ्यावर यावे. पहिल्यात नवे काही नाही, ते अनोळखी वाचकासाठी लिहिले आहे. इतिहासाच्या अभ्यासकांनी दुसरे प्रकरण परिशिष्ट ‘अ’ शेजारी ठेवून वाचावे. तिथे मोडी कागदांचे देवनागरी लिप्यंतर आहे, आणि जिथे अक्षर लागले नाही तिथे अंदाज न करता टिंबे दिली आहेत. सिंचनाच्या प्रशासनाशी संबंधित वाचकांना चौथे आणि पाचवे प्रकरण पुरेल. तिसरे प्रकरण सर्वांत लांब आणि, मान्य करते, सर्वांत कंटाळवाणे आहे. एकाच बंधाऱ्याखालच्या चार फडांची मालकी खातेनिहाय कशी बदलत गेली, एवढेच त्यात आहे. पण वर मांडलेला सगळा युक्तिवाद त्याच्यावर टेकला आहे. निष्कर्षाबद्दल शंका आली तर सहाव्या प्रकरणाशी वाद घालण्याआधी तिसऱ्यातले तक्ते पाहावेत.

शब्दांबद्दल दोन-तीन सूचना. ‘फड’ म्हटले की कोल्हापूर-सांगलीकडच्या वाचकाला उभा ऊस आठवतो, कोणाला तमाशा, कोणाला कुस्ती. इथे फड म्हणजे पाटाखालच्या जमिनीचा ठरलेला मोठा तुकडा. त्यात ऊस असो, गहू असो वा काहीच नसो. ‘पडीक’ आणि ‘कोरडा’ हे दोन शब्द मी वेगळे ठेवले आहेत. पडीक फडात पीक घेतलेलेच नाही. कोरड्या फडाला पाटाचे पाणी नाही, पण पावसावरचे पीक असू शकते. जुन्या कागदांत दोन्हींसाठी कधी कधी एकच शब्द येतो, तिथे तळटीप दिली आहे. क्षेत्र तक्त्यांमध्ये हेक्टरात दिले आहे, पण उताऱ्यांमध्ये बिघा तसाच ठेवला, कारण गावोगावचा बिघा एक नाही आणि त्याचा हेक्टर करताना खोटी अचूकता येते.

मुलाखती बहुतेक अहिराणीत झाल्या. मूळ बोल परिशिष्ट ‘इ’ मध्ये, प्रकरणांत त्यांचे मराठी रूप. ते करताना काही हरवले आहे याची जाणीव आहे. ‘पानी उनं’ याचा शब्दशः अर्थ ‘पाणी आले’. पण माझ्याशी बोलणाऱ्यांच्या तोंडी तो पुष्कळदा ‘आमची पाळी आली’ असा होता. संदर्भ पाहून मी कधी एक, कधी दुसरा अर्थ घेतला आहे. जिथे ठरवता आले नाही तिथे मूळ शब्द तसाच ठेवला. म्हाताऱ्या माणसांनी साल क्वचितच सांगितले. ‘दुष्काळाच्या आधी’, ‘दुष्काळानंतर’ अशीच त्यांची मोजणी होती. हा दुष्काळ म्हणजे बहात्तरचा, १९७२-७३ चा. वेगळा असेल तिथे तसे स्पष्ट केले आहे.

तंट्यांच्या प्रकरणातील गावे ‘क’ ते ‘झ’ अशा अक्षरांनी दाखवली आहेत आणि माणसांची नावे दिलेली नाहीत. काही तंटे मिटले आहेत, काही नुसते गप्प आहेत. बंधाऱ्यांची रचना आणि गावांची ओळख एकमेकांवरून लागू नये, म्हणून नकाशा ३ मध्ये चाऱ्यांची दिशा मुद्दाम दाखवलेली नाही. तो छपाईचा दोष समजू नये. साहाय्य करणाऱ्यांचे आभार ऋणनिर्देशाच्या स्वतंत्र पानावर मानले आहेत. खातेनिहाय तक्त्यांत काही नोंदींपुढे फुली आहे. त्या नोंदी सात-बारा उताऱ्यावर एक आणि गावाच्या पाटपाणी वहीत दुसरे क्षेत्र दाखवतात. मी उताऱ्याचा आकडा घेतला आहे आणि वहीतला कंसात दिला आहे.

संशोधक विद्यार्थिनी
साक्री, जि. धुळे
जानेवारी २०२४